व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवताना काय बोलायचं: मनीषनगरचा एक कॉल, पहिल्या मिनिटापासून

प्रश्न: मी दोन वर्षांपासून नागपुरात मनीषनगर-बेसा भागात रीसेल फ्लॅटचं काम करतो. पुण्याची एक पार्टी आईवडिलांसाठी टू बीएचके पाहतेय. त्यांना इतक्यात येणं जमत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणतात. मागच्या दोन कॉलमध्ये मी "हा हॉल, हे किचन" करत फिरलो आणि पार्टी गप्पच झाली. कॉलवर काय, कोणत्या क्रमानं आणि काय बोलून दाखवायचं याची स्क्रिप्ट मिळेल का?

उत्तर:

भाऊ, पार्टी गप्प झाली कारण "हा हॉल" त्यांनी फोटोत आधीच पाहिला होता. खोली केवढी आहे, पश्चिमेची भिंत तापते का, ओल आहे का, नळाला पाणी कसं येतं, हे फोटोत कळत नाही, आणि नुसता फोन फिरवला तर कॉलवरही कळत नाही. माझी सगळी स्क्रिप्ट एवढ्याच गोष्टींसाठी आहे.

मी हे स्वतः चूक करून शिकले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंगळुरूच्या एका कुटुंबाला आपल्या नागपूरच्या खामल्यातला फ्लॅट दाखवला. खोली एका नजरेत मावावी म्हणून फोनची ०.५ वाली वाइड लेन्स लावली होती. त्यांना फ्लॅट फार आवडला. तीन महिन्यांनी ते आले, हॉलच्या दारात उभे राहिले आणि त्यांच्या आई म्हणाल्या, "एवढीच खोली?" मी खोटं काहीच बोलले नव्हते, पण लेन्स बोलली होती. सौदा गेला. तेव्हापासून ०.५ बंद आणि पर्समध्ये पाच मीटरचा टेप कायम.

आता स्क्रिप्ट. नुसती वाक्यं देऊन उपयोग नाही, म्हणून गेल्या एप्रिलमधला एक कॉलच सांगते. मनीषनगरातला फ्लॅट, तिसरा म्हणजे शेवटचा माळा, जाहिरातीत ९०० चौरस फूट सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून, मालकाची मागणी ४६ लाख. मुलगी पुण्यात, आईवडील यवतमाळला. राहणार आईवडील, त्यामुळे तिघंही एकाच कॉलवर. तुमची पार्टी अशीच दिसते.

आदल्या दिवशीची तयारी दोन कामांची. पहिलं, फ्लॅटमध्ये जाऊन एक खोटा कॉल करायचा आणि सगळीकडे फिरून यायचं. नेटवर्क लिफ्टजवळ तुटतं की मागच्या बेडरूममध्ये, हे तेव्हाच कळतं. जिथे तुटतं ती जागा लपवायची नाही, पार्टीला आधीच सांगायची. राहायला आल्यावर त्यांचाही फोन तिथेच कटणार आहे. दुसरं, मालकाला किंवा भाडेकरूला कॉलची वेळ सांगून परवानगी घ्यायची आणि देव्हारा, कपाट, औषधं, घरातली माणसं यांतलं काय दाखवायचं नाही ते विचारून घ्यायचं. कॉलच्या वेळी मालकाला शक्यतो गॅलरीत किंवा खाली बसवा. मालक शेजारी उभे असले की पार्टी मोकळेपणी विचारत नाही, आणि मालकही मध्येच किमतीचं बोलून बसतात.

पार्टीला आदल्या रात्री मी हा मेसेज पाठवते: "उद्या साडेचारला कॉल करते. साधारण ४० मिनिटं लागतील. जवळ मोजपट्टी आणि वही ठेवा. तुमचा दिवाण, मोठं कपाट आणि सोफा आजच मोजून ठेवा. प्रश्न एकानेच विचारावेत, बाकीच्यांनी त्यांना सांगावं." हा शेवटचा नियम जाचक वाटतो, पण तीन ठिकाणची माणसं एकदम बोलायला लागली की आवाज तुटतात आणि मी नेमकी कोणत्या भिंतीकडे वळू ते मला कळत नाही.

साडेचारची वेळ मुद्दाम. सकाळी दहाला नागपूरचा कोणताही फ्लॅट छान दिसतो. एप्रिल-मे महिन्यात खरा फ्लॅट दिसतो तो दुपारी साडेचार ते साडेपाच, पश्चिमेचं ऊन भिंतीवर आडवं पडलेलं असतं तेव्हा. मालक म्हणतील सकाळी या. त्यांचंही खोटं नसतं, पण तुम्ही दुपारीच जा.

कॉल मी फ्लॅटमधून सुरू करत नाही, रस्त्यावरून करते. "काकाजी, नमस्कार. मी आता बिल्डिंगच्या बाहेर रस्त्यावर उभी आहे. व्हॉट्सॲपवर तुम्हाला लाइव्ह लोकेशन टाकलं आहे, ते उघडून बघा. इथून मी फ्लॅटच्या दारापर्यंत कॉल न तोडता चालत येते. नेटवर्क गेलंच तर जिथे तुटलं तिथूनच पुन्हा सुरू करीन." न तोडता चालण्याचं कारण सरळ आहे. दाखवायचा एक फ्लॅट आणि विकायचा दुसरा, असे प्रकार या धंद्यात होतात आणि दूरच्या पार्टीच्या मनात ती भीती असतेच. तुम्ही रस्त्यापासून दारापर्यंत सलग आलात तर ती भीती न बोलता जाते.

या चालण्यातच वयस्कर माणसांचं निम्मं काम होतं. आपल्याकडे स्टिल्ट पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जायला बऱ्याच बिल्डिंगला चार-पाच पायऱ्या असतात, आणि त्या कोणत्याही जाहिरातीत नसतात. या बिल्डिंगला चार होत्या. "ताई, लिफ्टच्या आधी ह्या चार पायऱ्या. मोजून दाखवते. कठडा एकाच बाजूला आहे. काकाजींच्या गुडघ्याचं तुम्ही सांगितलं होतं म्हणून इथे थांबले." काकाजींनी लगेच विचारलं, वीज गेली की लिफ्ट चालते का. मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं आणि वॉचमनला कॉलवरच विचारलं: इन्व्हर्टर फक्त जिन्यातल्या दिव्यांना होता, लिफ्टला नव्हता. ठाऊक नसलेल्या गोष्टीला "हो, असेलच" म्हणण्याचा मोह याच क्षणी होतो. तो आवरा.

मीटरच्या पेटीशी एक मिनिट. मालकाकडून महावितरणचं ताजं बिल आधीच मागून ठेवा. "हा बिलावरचा मीटर नंबर, आणि हा पेटीवरचा. जुळतो का तुम्हीच वाचा." वर गेल्यावर दारावरचा फ्लॅट नंबरही असाच वाचायला लावते. कॉलवर कागदपत्रं याहून जास्त दाखवू नका. कॅमेऱ्यासमोर धरलेली इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, कोणालाच नीट वाचता येत नाही. नंतर मालकाच्या परवानगीनं प्रत पाठवायची आणि वकिलाला दाखवा म्हणायचं. आपल्या भागात ले-आउटचं आरएल पत्र, मंजूर नकाशा, अपार्टमेंटची घोषणापत्रं हे सगळं वकिलाच्या टेबलावर बघायचं असतं, फोनवर नाही.

आता हॉल. इथे घाई करू नका. दारातून आत गेल्यावर आपण सरळ खिडकीकडे कॅमेरा करतो आणि तिथेच चुकतो. खिडकीतला उजेड पाहून फोन अख्खी खोली काळी करतो. आधी खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं आणि खोली दाखवायची, मग चालत खिडकीपाशी जाऊन ती पूर्ण पडद्यावर आली की बाहेरचं दाखवायचं. फोन छातीच्या उंचीला आडवा धरायचा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वळायला मनातल्या मनात सात-आठ आकडे मोजायचे. आपल्याला ते फार हळू वाटतं, पण समोरच्या पडद्यावर तेव्हाच चित्र फुटत नाही.

मग टेप. वॉचमन किंवा सोबतच्या मुलाला दुसरं टोक धरायला सांगते आणि टेप जमिनीवर ठेवून आकड्यावर कॅमेरा नेते. "हॉलची लांबी, तुम्हीच वाचा ताई." ताईंनी वाचलं: १६ फूट २ इंच. रुंदी १० फूट ६ इंच. पण नुसत्या आकड्यानं खोली डोळ्यासमोर येत नाही. म्हणून पुढचं वाक्य स्क्रिप्टमधलं माझं सगळ्यात आवडतं आहे: "काकाजी, आता तुम्ही तुमच्या यवतमाळच्या हॉलमध्ये टेप लावा." त्यांनी तिकडे मोजलं, तो १४ फूट बाय ११ निघाला. "म्हणजे आपल्यापेक्षा लांब आहे, पण अंमळ अरुंद," काकू स्वतःहून म्हणाल्या. मी दहा मिनिटं "प्रशस्त" म्हणत बसले असते तरी हे झालं नसतं. प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेड हे शब्द मी कॉलवर वापरतच नाही. आकडा सांगायचा आणि थांबायचं.

बेडरूममध्ये जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा. दुसरी बेडरूम १० फूट बाय साडेदहा फूट होती. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग जेवढी जागा घेतो तेवढे पेपर मी जमिनीवर अंथरले. पायाकडे चार फूट उरले, दोन्ही बाजूंना दोन-दोन. "पायाकडच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट लावलं, तर कपाट आणि पलंगामध्ये दोन फूट राहतात. कपाटाचं दार उघडलं की माणूस बाजूनं जाणार नाही. सरकत्या दाराचं कपाट घ्यावं लागेल." पार्टीला खोली कशी "वाटते" यापेक्षा त्यांचं सामान बसतं का हे महत्त्वाचं, आणि ते असंच दिसतं.

सगळ्या खोल्यांची मापं घेतली की तिथेच बेरीज करायची. हॉल १७०, मोठी बेडरूम १२ बाय साडेदहा म्हणजे १२६, दुसरी १०५, स्वयंपाकघर ९ बाय ८ म्हणजे ७२, दोन्ही संडास-बाथरूम मिळून ५६, पॅसेज ३५. एकूण ५६४ चौरस फूट. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, आतल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र गॅलरी धरत नाहीत. आतल्या भिंतींचे ढोबळ तीसेक फूट मिळवले तर ५९० च्या आसपास, आणि गॅलरी ४० फूट वेगळी. हे मी कॉलवर सांगते: "जाहिरातीत ९०० लिहिलंय ते सुपर बिल्टअप. ४६ लाखांना त्या हिशेबानं फुटाला साधारण ५,१०० पडतात. वापरायच्या जागेवर काढलं तर ७,८०० च्या आसपास. दुसरा कोणताही फ्लॅट बघाल तेव्हा याच पद्धतीनं मोजून तुलना करा." तुम्हाला वाटेल, मी स्वतःचाच सौदा मोडतेय. पण हा हिशेब ते आज ना उद्या करणारच, आणि तो दुसऱ्या एजंटानं करून दिला तर माणूस त्याचा होतो.

यानंतर ऊन, आणि यात नागपूरचा फ्लॅट पुण्याच्या फ्लॅटसारखा नाही. पुण्याच्या मुलीला याची सवय राहिलेली नसते, आईवडिलांना मात्र हे नेमकं समजतं. आधी दिशा. फोनमधलं होकायंत्र लोखंडी दाराजवळ किंवा ग्रिलजवळ धरलं तर भलतीच दिशा दाखवतं. खोलीच्या मध्ये उभं राहून बघायचं आणि मग उन्हाशी ताडून पाहायचं. "पावणेपाच वाजलेत. ऊन मोठ्या बेडरूमच्या ह्या भिंतीवर आहे, म्हणजे ही पश्चिम. वर छत उघडं, कारण हा शेवटचा माळा." मी हाताशी एक छोटा इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवते. मधल्या भिंतीवर ३६ अंश दाखवत होता, पश्चिमेच्या भिंतीवर ४१ आणि छताला ४२. चकचकीत धातूवर तो चुकतो, म्हणून रंगवलेल्या भिंतीवरच धरायचा. तो नसला तरी चालेल. मधल्या भिंतीला तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला लावा आणि जे जाणवलं ते सांगा.

मग कूलर. नागपुरात हा प्रश्न पार्टी विचारणार नाही असं होतच नाही, तरी एजंट दाखवायला विसरतात. "कूलर ह्या खिडकीत बसेल. खिडकीची रुंदी ३ फूट ४ इंच. बाहेर स्टँडसाठी जागा आहे, प्लग हा इथे, पण पाण्याचा नळ इथे नाही, गॅलरीतून पाइप आणावा लागेल. आणि हवा बाहेर जायला समोरचं दार आणि पॅसेजची खिडकी उघडी ठेवावी लागेल." कूलरची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली गार होण्याऐवजी दमट आणि चिकट होते. म्हणून खिडकी ते समोरची खिडकी असा हवेचा रस्ता चालून दाखवते. दुसऱ्या बेडरूमला असा रस्ता नव्हता. तिथे एसीच लागेल हे सांगितलं, आणि १६ अँपिअरचा पॉइंट आहे का तेही दाखवलं.

आता ओल. कॉलवर चित्र दाबून पाठवलं जातं, त्यात भिंतीवरचे फिके डाग पुसले जातात. समोरून भिंत दाखवली तर ती कोरी करकरीत दिसेल. सोबतच्या माणसाला टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरायला सांगा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जातो. मग फुगवटे, पोपडे, वरून मारलेल्या पुट्टीचे ठिगळ सावल्या टाकतात आणि फोनवरही दिसतात. बाथरूमच्या मागची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि वरच्या माळ्यावर छताचे कोपरे, एवढं असं बघायचं. एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर ती दोनदा बघायची.

दुसऱ्या बेडरूमच्या कोपऱ्यात छताजवळ हातभर फुगवटा होता आणि त्यावर पांढरट क्षार. माझी वाक्यं अशी होती: "ताई, इथे ओल आली होती किंवा अजून आहे. मालकांचं म्हणणं, मागच्या पावसाळ्यात आली आणि आता कोरडी आहे. खरं काय ते मी भिंत बघून सांगू शकत नाही. आपण गच्चीवर जाऊ आणि हा कोपरा वरून बघू." गच्चीवर बरोबर त्या कोपऱ्यावर पाणी जाण्याची जाळी होती, जाळीभोवतीचा कोबा तडकलेला आणि आजूबाजूला पाणी साचून सुकल्याचा गोल डाग. कारण सापडलं म्हणजे भीती कमी होते. "कुठून येतं कोण जाणे" अशी ओल असेल तर लोक पळतात. "ही जाळी, हा तडा" म्हटलं की ती दुरुस्तीची गोष्ट होते. गच्ची सामाईक असेल तर खर्च सगळ्यांचा, पण सगळे देतात का, हे अपार्टमेंटच्या सचिवांना विचारायचं. तो प्रश्न मी यादीत लिहून घेतला.

पाण्यासाठी दहा लिटरची बादली आणि घड्याळ. स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडला, बादली ४५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला तेराएक लिटर, चांगलं आहे. बाथरूमच्या शॉवरखाली तीच बादली भरायला १ मिनिट ४० सेकंद, मिनिटाला सहा लिटर. "शॉवर बारीक आहे. हा शेवटचा माळा, टाकी अगदी डोक्यावर आहे, त्यामुळे दाब कमी मिळतो. खालच्या माळ्यावर यापेक्षा जास्त असेल. सुधारायला छोटा प्रेशर पंप लागेल." लोकांना उलटं वाटतं, की टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. शॉवरची छिद्रं आणि नळांचे सांधे जवळून दाखवले, त्यांवर पांढरा थर होता. बोअरचं जड पाणी येतं याची ती खूण. कॉर्पोरेशनचं पाणी कधी येतं, बोअरचं कुठल्या नळाला, हे शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं. शेजाऱ्यांची माहिती मालकापेक्षा खरी असते, फक्त त्यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घेऊ नका. बाथरूममध्ये शेवटी एक मग पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतायचं आणि ते जाळीकडे जातं की तिथेच थबकतं ते दाखवायचं. अर्धं मिनिट लागतं. वयस्कर माणसांच्या घरात थबकलेलं पाणी म्हणजे घसरणं.

स्वयंपाकघराला मी दोन मिनिटं देते. ओट्याची उंची, सिलिंडरची जागा, फ्रिजच्या जागेची रुंदी, चिमणीसाठी भोक. पुरे.

आवाजाचं मात्र नीट समजून घ्या. व्हॉट्सॲप असो की मीट, ही ॲप बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून मागचा एकसारखा आवाज कापून टाकतात. रस्त्याची घरघर, पंखा, शेजारच्या जनरेटरचा आवाज तुमच्या कानाला येतो, पार्टीला येत नाही. "बघा, किती शांत आहे" असं कॉलवर म्हणणं म्हणून निरर्थक, आणि नकळत फसवणूकही. मनीषनगरला तर वर्धेकडची रेल्वेलाइन आहे, लाइनच्या जवळच्या बिल्डिंगमध्ये गाड्यांचा विषय टाळता येत नाही. मी काय करते: कॉल संपल्यावर खिडकी उघडून साध्या कॅमेऱ्यात एक मिनिटाचा व्हिडिओ घेते. पहिलं वाक्य नेहमीच्या आवाजात बोलते, "मी गॅलरीत उभी आहे, पावणेसहा वाजलेत", आणि मग गप्प राहते. माझ्या बोलण्याच्या आवाजाशी ताडून बाकीचा आवाज केवढा ते त्यांना कळतं. मग खिडकी लावून तेच पुन्हा. त्या दिवशी गाडी जाईपर्यंत वीस मिनिटं थांबले आणि तो आवाजही पाठवला. रात्री नवाच्या सुमारास पाच मिनिटांचा दुसरा कॉल पार्किंगमधून केला, कारण दुपारी रिकामी दिसणारी पार्किंग रात्री गाड्यांनी भरते आणि आपली जागा कोणी अडवते का ते तेव्हाच दिसतं.

कॉलच्या शेवटी पाच मिनिटं तोंड बंद. "आता मी बोलत नाही. तुम्ही सांगाल तिकडे जाते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, जे परत बघायचं ते सांगा." तुमच्या गप्प पार्टीवर हाच इलाज आहे. पहिलं मिनिट कोणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. मग काकू हळूच म्हणतात, "देवघर कुठे करायचं हो?" आणि तिथून खरे प्रश्न सुरू होतात. या कॉलमध्ये काकूंनी मला गॅलरीत तीनदा नेलं. त्यांना कपडे कुठे वाळतील ते बघायचं होतं. मुलीनं बाथरूमच्या दाराची रुंदी मागितली, २ फूट ४ इंच, पुढे व्हीलचेअर लागली तर बहुतेक जाणार नाही. हे मला सुचलं नव्हतं, आता माझ्या यादीत आहे.

किमतीचा विषय कॉलवर निघाला तर माझं एकच वाक्य असतं: "मागणी ४६ आहे. आज बघण्याचं काम करू. किमतीचं तुम्ही तिघं बोलून घ्या, मग मालकांशी बसवते." तुम्ही मालकाच्या घरात उभे आहात आणि भिंतीपलीकडे मालक ऐकत आहेत, हे विसरू नका.

कॉल संपल्यावर दोन तासांच्या आत मेसेज जायला हवा. ओलीचा कोपरा, गच्चीची जाळी आणि नळावरचा थर यांचे फोटो मी व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवते, नाहीतर ते दाबले जाऊन पुन्हा डाग पुसले जातात. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर सगळ्यांना, मालकालाही, आधी विचारायचं. मी सहसा करत नाही, त्यापेक्षा लिहून देते. त्या दिवशीचा मेसेज जवळजवळ असा होता:

"मोजलेलं: आतली जागा सुमारे ५९० चौ. फूट, गॅलरी ४०. चार पायऱ्या, लिफ्टला बॅकअप नाही. मोठी बेडरूम पश्चिमेला, वर गच्ची. कूलर एकाच बेडरूमला. दुसऱ्या बेडरूमच्या छताला ओल, वर जाळीपाशी तडा. शॉवर बारीक. मी विचारून सांगायचं: गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार, पार्किंगची जागा कागदावर आहे का. कॉलवर न कळणारं: घरातला वास, फरशीचा उतार, पोकळ टाइल्स, शेजार. यासाठी तुमच्यापैकी कोणीतरी प्रत्यक्ष यायला हवं."

शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला लिहिते. नुसत्या कॉलवर बयाणा घेऊ नका, पार्टी देतो म्हणाली तरी. दुसरं गिऱ्हाईक उभं असेल आणि थांबताच येत नसेल, तर छोटी रक्कम घेऊन बयाणापत्रात लिहून घ्या की पंधरा दिवसांत प्रत्यक्ष पाहून नापसंत झाल्यास पूर्ण रक्कम परत, आणि त्यावर मालकाची सही घ्या. तोंडी कबुली चालत नाही, मालक नंतर म्हणतात "एजंट बोलला असेल, मी नाही".

यवतमाळहून काकाजी नऊ दिवसांनी आले, सोबत ओळखीचा एक मिस्त्री घेऊन. हॉलमध्ये उभे राहिले तेव्हा मी थोडी धास्तावले होते. ते म्हणाले, "हां, कॉलवर होता तेवढाच आहे." मिस्त्रीनं नाण्यानं टाइल्स ठोकल्या, पॅसेजमधल्या सहा पोकळ निघाल्या. त्यानं गच्चीची जाळी पाहिली आणि दुरुस्तीचा अंदाज लिहून दिला. तो कागद घेऊनच आम्ही मालकांसमोर बसलो.